अभ्यासाच्या एका तासाला गुण किती?

दहावीच्या वर्गातल्या दोन मैत्रिणी. दोघीही रोज 3 तास अभ्यास करतात आणि 7 तास झोपतात. फरक फक्त परीक्षेच्या धास्तीचा. ही धास्ती मोजण्यासाठी मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पीलबर्गर यांनी 1980 मध्ये 20 प्रश्नांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात कमीत कमी 20 आणि जास्तीत जास्त 80 गुण मिळतात. समजा, एकीची चिंता 50 भरली आणि दुसरीची 40.

अभ्यास, झोप आणि चिंता यांवरून परीक्षेतल्या गुणांचा अंदाज बांधणाऱ्या गणिताला मल्टिपल रिग्रेशन म्हणतात. सगळ्या वर्गाची माहिती घालून समजा असे सूत्र निघाले:

गुण = 45 + 4 × अभ्यासाचे तास + 2 × झोपेचे तास − 0.4 × चिंता

पहिलीचा अंदाज 45 + 12 + 14 − 20, म्हणजे 51 गुण. दुसरीचा 55. अभ्यास आणि झोप सारखीच असल्यामुळे हा 4 गुणांचा फरक एकट्या चिंतेचा आहे. सहगुणक वाचायचा तो असाच: बाकीचे घटक सारखे असताना हा एक घटक एकाने वाढला, तर गुणांचा अंदाज किती बदलतो? 0.4 हा आकडा 4 पेक्षा लहान दिसतो, म्हणून चिंता किरकोळ ठरत नाही. तास आणि प्रश्नावलीचे गुण ही मापेच वेगळी आहेत. चिंता 10 अंकांनी कमी असणे इथे अभ्यासाच्या एका तासाइतकेच भरते.

सुरुवातीच्या 45 ला मात्र अर्थ शोधू नये. अभ्यास शून्य, झोप शून्य आणि चिंताही शून्य असा विद्यार्थी असूच शकत नाही. झोपेचा 2 हा आकडाही मुले जितके तास झोपतात, तेवढ्यापुरताच खरा. वर्गातली मुले 5 ते 8 तास झोपत असतील, तर 11 तास झोपणाऱ्याबद्दल हे सूत्र काहीच सांगत नाही.

आता चिंता आणि झोप वगळून फक्त अभ्यासाचे तास घेऊ. सहगुणक 4 ऐवजी 6 निघाला, तर वरचे 2 गुण आले कुठून? झोप आणि अभ्यासाचा एकमेकांशी संबंध नाही, पण जास्त अभ्यास करणाऱ्यांची चिंता तासामागे 5 अंकांनी कमी आहे, असे धरू. 5 × 0.4 म्हणजे 2. शांत मनाचे श्रेय अभ्यासाच्या खात्यात जमा झाले होते.

मग 4 खरे की 6? अभ्यास झाल्यामुळेच धास्ती कमी होत असेल, तर ते 2 गुणही अभ्यासाचेच, आणि चिंता सूत्रात घातल्यावर ते झाकले जातात. उलट मुळातच घाबरट मुले पुस्तक टाळत असतील, तर 4 हा आकडा सत्याच्या अधिक जवळ. सूत्र स्वतः यातला फरक ओळखू शकत नाही. त्यासाठी चिंता परीक्षेच्या सकाळी न मोजता, अभ्यासाला सुरुवात होण्याआधीच मोजलेली असावी लागते.