लेअपची दोन पावलं

उजवीकडून बास्केटकडे धावताना शेवटचा ड्रिबल झाला, की चेंडू दोन्ही हातांत घेत पहिलं पाऊल उजवं टाकायचं, लांब. दुसरं डावं, आखूड; उडी त्याच पायावर. या आखूड पावलामुळेच पुढचा वेग वर वळतो. उजवा गुडघा आणि उजवा हात एका दोरीने बांधल्यासारखे सोबत उचलायचे आणि चेंडू बोर्डावरच्या चौकटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्याशी अलगद टेकवायचा.

नवशिके बहुधा उजव्याच पायावर उडतात. मग अंग वळतं, चेंडू बोर्डावर आदळतो. अशा वेळी ड्रिबल सोडा. बास्केटजवळ उभं राहून नुसतं डावं पाऊल टाका, उडा. जमलं की त्याआधी उजवं जोडा. डावीकडून येताना पाय आणि हात दोन्ही बदलतात. तिथेही उजवा हात वापरला, तर चेंडू थेट बचावपटूच्या समोर येतो.