मोसंबीची बाग घेताना किती फळे तोलावीत?

जालना जिल्ह्यात मोसंबीची बाग उक्ती घेताना फळांचा आकडा लागतो, वजन मात्र अंदाजाने धरावे लागते. समजा, बागेत २०,००० फळे आहेत आणि एकेका फळाचे वजन सरासरीच्या साधारण ४० ग्रॅम इकडेतिकडे असते. आम्ही चारच फळे तोलली, तर आमची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण २० ग्रॅमने चुकते. यालाच सरासरीची प्रमाण त्रुटी म्हणतात. सबंध बागेवर ही चूक ४ क्विंटलची होते.

जास्त फळे तोलली की चूक का घटते? एक फळ जड आले, तर दुसरे हलके येऊन भरपाई करते. म्हणून चार फळांच्या बेरजेतला चढउतार चौपट न होता दुप्पटच होतो, भागाकार मात्र चाराने होतो. ४० चे २० उरतात. १६ फळांना १० ग्रॅम, ६४ फळांना ५ ग्रॅम, म्हणजे बागेवर १ क्विंटल. चूक निम्मी करायला फळे चौपट लागतात. २५६ फळे तोलून आणखी अडीच ग्रॅमच वाचतील. तेवढी मेहनत आम्ही घेत नाही.

पण विहिरीजवळच्या झाडांचीच फळे घेतली, तर ६४० तोलूनही हिशेब चुकेल. यासाठी बागेच्या दोन टोकांची ३२-३२ फळे वेगळी तोलावीत. दोन्ही सरासऱ्यांत १० ग्रॅमचा फरक योगायोगाने पडतो. ३० चा पडला, तर दोन्ही बाजूंचा माल सारखा नाही, भाव वेगळा धरावा.