मथळ्यात न छापलेले शब्द

‘समृद्धीवर ट्रक उलटला, दोघे ठार’ हा मथळा पाच शब्दांचा आहे. तो पूर्ण वाक्यात मांडायचा तर असा होतो : ‘समृद्धी महामार्गावर एक ट्रक उलटला आणि त्या अपघातात दोन जण ठार झाले.’ यात भरलेले शब्द एकाच ठिकाणाहून आलेले नाहीत. ‘झाले’ व्याकरणाने दिले, कारण मरणारे कर्त्याच्या जागी असले की ‘ठार’ला ‘होणे’ हेच क्रियापद लागते. ‘जण’ हा शब्द ‘दोघे’मध्ये होताच, ‘दोघे’, ‘तिघे’, ‘चौघे’ ही रूपे माणसांचीच असतात. ‘महामार्ग’ मात्र व्याकरण देत नाही. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता वाशीम जिल्ह्यातील मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो, हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून मथळ्यात नुसते ‘समृद्धी’ पुरते. आणि ठार झालेले दोघे ट्रकमधले की रस्त्यावरचे, हे व्याकरणही सांगत नाही आणि गावची माहितीही. त्यासाठी बातमी वाचावी लागते.

मथळा उलगडताना गळलेला शब्द यांपैकी कुठून आणायचा, हाच खरा प्रश्न असतो. (येथील मथळे वाशीमच्या स्थानिक पानांवर नेहमी दिसणाऱ्या घडणीचे असले, तरी नमुन्यासाठी रचलेले आहेत.) इंग्रजी मथळा उपपदे गाळून जागा वाचवतो. मराठीला उपपदेच नाहीत, त्यामुळे एका कॉलमच्या अरुंद जागेत मथळा बसवताना उपसंपादकाची कात्री क्रियापदावर, विभक्तीवर आणि कर्त्यावर चालते.

क्रियापद सर्वांत आधी जाते. मागे उरतात ठार, जखमी, अटकेत, जेरबंद, लंपास, ठप्प हे शब्द. यांना लिंग-वचनाचा विकार नाही आणि प्रत्येकाचे सहायक क्रियापद बहुधा ठरलेले असते. चोरीची वस्तू लंपास केली जाते, वाहतूक ठप्प होते. त्यामुळे अर्थ सहसा अडत नाही. अडतो तो काळ. ‘रिसोडमध्ये पाणीपुरवठा ठप्प’ असे वाचून घरातले माणूस नळाकडे जाते, कारण पाणी आता बंद आहे की काल बंद होते, हे मथळ्यात नाही. पूर्ण वाक्य लिहिताना ‘ठप्प आहे’ आणि ‘ठप्प झाला होता’ यांपैकी एक निवडावेच लागते, आणि निवडण्याचा आधार बातमीच्या मजकुरातच सापडतो.

क्रियापद शिल्लक राहिले, तर ते बरेच काही सांगते. ‘दुकान फोडले, रोकड पळवली’ या मथळ्यात कर्ता नाही. ‘फोडले’ हे रूप दुकानामुळे नपुंसकलिंगी आणि ‘पळवली’ हे रोकडीमुळे स्त्रीलिंगी झाले आहे. क्रियापदाने कर्माची साक्ष दिली, चोराची नाही. म्हणून ‘अज्ञात चोरट्यांनी दुकान फोडून रोकड पळवली’ असे वाक्य करणाऱ्याने एक गोष्ट पदरची घातलेली असते : चोर एकापेक्षा जास्त होते. बातमीत तसे नसेल तर ‘दुकान फोडून रोकड पळवण्यात आली’ एवढेच लिहिणे सरळ.

विभक्ती गळते तेव्हा शब्द सामान्यरूप सोडून मूळ रूपात परततो. ‘शेतकऱ्यांचा मोर्चा’ याचे ‘शेतकरी मोर्चा’ होते. ‘शेतकरी’ हे रूप एकवचनात आणि अनेकवचनात सारखेच. येथे मोर्चामुळे संख्या कळते, पण ‘शेतकरी आत्महत्या, मदत मंजूर’ असे छापले की मदत एका कुटुंबाला की अनेकांना, हे कळण्याची सोय उरत नाही.

विभक्ती शिल्लक असूनही घोटाळा होतो, आणि तो जास्त फसवा असतो. ‘सरपंचांची तक्रार, जिल्हा परिषदेकडून चौकशी’ हा मथळा पाहावा. षष्ठी कर्त्याचीही असू शकते आणि कर्माचीही. एका अर्थाने ‘सरपंचांनी तक्रार केली आणि जिल्हा परिषदेने तिची चौकशी सुरू केली’. दुसऱ्या अर्थाने ‘सरपंचांविरुद्ध तक्रार आली आणि जिल्हा परिषद त्यांची चौकशी करत आहे’. गावात या दोन वाक्यांचे परिणाम अगदी उलट आहेत. ‘सरपंचांविरुद्ध’ या शब्दाला दोन-तीन अक्षरे जास्त लागतात. तेवढी जागा काढायलाच हवी.

वाशीमसारख्या सोयाबीनच्या जिल्ह्यात सर्वांत काळजीने उलगडावा असा मथळा बाजारभावाचा. ‘सोयाबीन पाच हजारांवर’ यात ‘दर’ नाही, ‘प्रतिक्विंटल’ नाही, ‘रुपये’ नाही. हे सारे शेतकरी मनातच भरतो. पण ‘वर’ या शब्दयोगी अव्ययाचे काय करायचे? भाव पाच हजारांवर येऊन टेकला, असाही अर्थ होतो आणि पाच हजारांच्या पुढे गेला, असाही. ‘पाच हजारांच्या वर’ असे सुटे लिहिले की दुसरा अर्थ पक्का होतो. ‘दर ५०० ने घसरला’ यात मात्र घसरणीचा आकडा स्पष्ट आहे.

त्याहून मोठी गाळणूक भाव कोणता, याची. बाजार समितीच्या भावपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. मथळ्यात बहुधा कमाल दर येतो, कारण तो उठून दिसतो. समजा, एका दिवशी किमान दर ४,००० रुपये, कमाल ५,०५० आणि सर्वसाधारण ४,५०० आहे. मग पूर्ण वाक्य असे व्हायला हवे : ‘वाशीम बाजार समितीत मंगळवारी सोयाबीनला प्रतिक्विंटल कमाल ५,०५० रुपये दर मिळाला, सर्वसाधारण दर मात्र ४,५०० रुपये होता.’ मथळा वाचून पाच हजारांच्या आशेने माल भरून निघालेल्या शेतकऱ्याच्या ढिगाला प्रत्यक्षात साडेचार हजारांच्या आसपास बोली लागण्याचीच शक्यता जास्त. शिवाय २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या हंगामात तेजीची बातमी वाटणारा हा मथळा हमीभावाखालच्या भावाचा ठरला असता.

बोलणाऱ्याचे नाव गळणे ही वेगळी गोष्ट आहे. ‘रस्त्याचे काम निकृष्ट : ग्रामस्थ’ यातील विसर्गासारखी दोन टिंबे एका अख्ख्या उपवाक्याचे काम करतात : ‘रस्त्याचे काम निकृष्ट झाल्याचा आरोप ग्रामस्थांनी केला.’ टिंबांपुढचा शब्द जागेअभावी उडाला की आरोपाचे विधान होते. ‘घरफोडी करणारा जेरबंद’ हेही तसेच. पोलिसांनी संशयावरून एकाला ताब्यात घेतले असेल, तर त्याने घरफोडी केली, हे अजून कोणी सिद्ध केलेले नसते. ताब्यात घेणे म्हणजे अटकही नव्हे. पूर्ण वाक्य लिहिणाऱ्याला ‘संशयावरून’ हा शब्द परत जागेवर ठेवावा लागतो.

राहिला प्रश्न गावाच्या नावाचा. वाशीम जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्राच्या स्थानिक पानावर मथळ्यात क्वचितच येते, कारण पानाच्या माथ्यावर ते असतेच. पण मालेगाव नाशिक जिल्ह्यातही आहे, आणि कारंजा वर्धा जिल्ह्यातही. ‘मालेगावात तणाव’ एवढाच तुकडा कापून मोबाइलवर पुढे गेला, की पुण्यात शिकणाऱ्या मुलाचा फोन घरी येतो. पानाच्या माथ्यावरचे नाव त्या तुकड्यासोबत गेलेले नसते. म्हणून पूर्ण वाक्याची सुरुवात ‘वाशीम जिल्ह्यातील मालेगाव येथे’ अशी करावी लागते, आणि कारंजा असेल तर ‘कारंजा (लाड)’ अशी.