हात बाजूने उचलताना खांदा मध्येच का दुखतो?

छताला रंग देणारा पेंटर दिवसभर रोलर डोक्याच्या वर धरून असतो. काही दिवसांनी हात बाजूने वर नेताना खांद्याच्या बाहेरच्या अंगाला कळ येऊ लागते. विशेष म्हणजे हात मांडीपासून थोडा उचलला तर दुखत नाही. साधारण 60 ते 120 अंशांमध्येच दुखतं आणि हात कानाजवळ गेला की कळ कमी होते. फ्रीस्टाइल पोहणाऱ्यांचीही हीच तक्रार असते.

याला शोल्डर इम्पिंजमेंट म्हणतात. खांद्याच्या वर हाडाचं छोटं छप्पर असतं. त्याखालच्या अरुंद जागेतून हात उचलणाऱ्या स्नायूचा दोर, म्हणजे टेंडन, जातो. सतत ताण पडून तो दुखरा झाला, की या मधल्या टप्प्यात त्यावर दाब येऊन कळ उठते.

मग छपराचं हाड घासून जागा वाढवली तर? वर्षानुवर्षं तसं ऑपरेशन होत होतं. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत काही रुग्णांचं हाड घासलं, काहींच्या सांध्यात फक्त दुर्बीण घातली. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला.

त्यामुळे आधी डोक्यावरचं काम कमी करणं आणि फिजिओथेरपिस्टकडून खांद्याचे व्यायाम शिकून घेणं, हाच मार्ग. फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात. दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल, तर फ्रोझन शोल्डरची शंका घ्यावी. पडल्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला, तर टेंडन फाटलेलं असू शकतं. तेव्हा व्यायाम करत न बसता लगेच हाडांच्या डॉक्टरांकडे जावं.