उलट छापलेले छायाचित्र आणि ओळखीचा प्रश्न : जुन्नर-आंबेगाव परिसरातील दोन उदाहरणे

छायाचित्र डावे-उजवे उलटले असता त्यातील कोणतीही रेषा नाहीशी होत नाही, कोणतेही अंतर बदलत नाही आणि कोणताही कोन लहानमोठा होत नाही. असे असूनही त्यातील अक्षर वाचता येईनासे होते, चिन्ह निराळे दिसू लागते आणि परिचित मनुष्याचा चेहरा किंचित परका वाटतो. याचे कारण असे की, उलटण्याच्या या क्रियेत आकृतीची मापे कायम राहत असली तरी तिचे 'हस्तत्व', म्हणजे तिचा डावेपणा वा उजवेपणा, बदलतो. उजव्या हाताचा मोजा कितीही फिरवला तरी तो डाव्या हातात बसत नाही. तद्वत् उलटलेले चित्र कागदाच्या पातळीत कितीही फिरविले तरी ते मूळ चित्राशी एकरूप होत नाही. याला अपवाद एकच. ज्या आकृतीच्या मधोमध आरसा धरता येतो, म्हणजे जिचे दोन अर्ध परस्परांची प्रतिबिंबे असतात, तिच्यात उलटण्याने काहीच फरक पडत नाही. ओळखीच्या दृष्टीने सारी अडचण याच दोन प्रकारच्या आकृत्यांच्या मिश्रणातून उद्भवते.

हा दोष कसा उत्पन्न होतो हे प्रथम पाहणे इष्ट ठरेल. फिल्मच्या एका बाजूस प्रकाशग्राही लेप असतो. ती बाजू मंद दिसते व दुसरी चकचकीत दिसते. छापताना लेपाची बाजू कागदाकडे असावी लागते. ती वर राहिली तर छाप उलटा येतो, आणि तो इतका स्वच्छ असतो की पाहणाऱ्यास शंकाही येत नाही. पारदर्शिका प्रक्षेपकात उलटी बसविणे, अथवा फिल्म संगणकात उतरविताना चुकीच्या बाजूने ठेवणे, यांचा परिणाम हाच होय. शिलालेखांच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. ओला कागद खडकावर ठोकून बसवितात व त्याच्या वरच्या बाजूस शाई लावतात. या ठशाची शाईची बाजू सुलट वाचता येते. मात्र शाईविना घेतलेल्या जाड ठशाच्या आतल्या बाजूस अक्षरे उठावदार परंतु उलटी दिसतात, आणि ती बाजू छायाचित्रित केली की उलट लेख हाती येतो.

आता पहिले उदाहरण. जुन्नरच्या सभोवतालच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतील अनेक दानलेख आहेत. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांच्या १८८१ साली प्रसिद्ध झालेल्या पश्चिम भारतातील लेण्यांच्या लेखसंग्रहात ते समाविष्ट आहेत. त्यांतील एका लेखात इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. 'यवनस' या शब्दाने लेखाचा आरंभ होतो आणि अखेरीस 'बे पोढियो', म्हणजे 'दोन पोढ्या', असे शब्द येतात. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके.

या लेखाचे छायाचित्र उलटले अशी कल्पना करावी. देवनागरीचा वाचक असे म्हणेल की, उलटे अक्षर तात्काळ ओळखू येईल. देवनागरीपुरते ते बहुतांशी खरे आहे, कारण तिची बरीचशी अक्षरे उजवीकडच्या उभ्या दंडावर आधारलेली असतात व तो दंड डावीकडे गेला की डोळ्यास खटकतो. प्राचीन ब्राह्मीची स्थिती निराळी आहे. तिच्यातील 'न' हा उलट्या इंग्रजी 'टी'सारखा, 'व' हा वर्तुळावर उभा दंड असलेला, तर 'य' हा नांगरासारखा असतो, आणि हे तिन्ही आकार ढोबळ मानाने समभुज आहेत. म्हणून 'यवन' हा शब्द उलटला असता एकही अक्षर विकृत होत नाही. केवळ क्रम बदलून 'नवय' असे वाचन मिळते. याउलट 'स' उलटला की तो ओळखणाऱ्यास चटकन कळतो. लेख अखंड असेल तर असे एखादे असमभुज अक्षर दोष उघड करते. तथापि तीनचार अक्षरांचाच तुकडा शिल्लक असेल आणि ती सारी समभुज असतील, तर दोष उघडकीस आणणारे काहीच त्या तुकड्यात उरत नाही.

याहूनही सूक्ष्म धोका स्वरचिन्हांत आहे. ब्राह्मीत अक्षराच्या माथ्यावर उजवीकडे आडवी रेघ काढली की 'आ'कार होतो आणि डावीकडे काढली की 'ए'कार होतो. 'ब' हे अक्षर म्हणजे केवळ चौकोन. तेव्हा 'बे' हे अक्षर उलटले की त्याचे निर्दोष 'बा' बनते. संख्यावाचक शब्द नाहीसा होतो आणि त्याच्या जागी अगदी नियमानुसार कोरलेले दुसरेच अक्षर उभे राहते. येथे विकृती नाही, पर्याय आहे. आणि विकृतीपेक्षा पर्याय अधिक फसवा असतो.

चिन्हांनाही हाच नियम लागू पडतो. जुन्नरच्या लेखांसमवेत स्वस्तिक व नंदिपद ही चिन्हे कोरलेली आढळतात. नंदिपद समभुज असल्यामुळे ते उलटण्याने बदलत नाही. स्वस्तिकाच्या भुजा मात्र एका दिशेने वळलेल्या असतात व उलटल्यावर त्या विरुद्ध दिशेने वळतात. डावे व उजवे अशी दोन्ही स्वस्तिके प्रत्यक्ष प्रचारात होती. म्हणून छायाचित्रातील स्वस्तिक डावे दिसले एवढ्यावरून चित्र उलट आहे असे म्हणता येत नाही, आणि छायाचित्राची बाजू निश्चित केल्याविना स्वस्तिकाच्या दिशेवरून कोणताही निष्कर्षही काढता येत नाही. आधुनिक व्यापारचिन्हे ओळखतानाही हाच भेद पाळावा लागतो.

मनुष्याच्या चेहऱ्यात दोन्ही अंगे असतात. डोळे, नाक व ओठ यांची मांडणी सामान्यतः समभुज असते, म्हणून उलट चित्रातही मनुष्य ओळखू येतो. पण केसांचा भांग, गालावरील तीळ, किंचित वाकडे हास्य ही असमभुज लक्षणे जागा बदलतात. मिता, डर्मर व नाइट यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, स्त्रियांना स्वतःचे उलट छायाचित्र अधिक पसंत पडते, तर त्यांच्या स्नेह्यांना सुलट छायाचित्र पसंत पडते. ज्याने जे रूप नित्य पाहिले, त्याला तेच खरे वाटते. व्यक्तीविषयीच्या निष्कर्षांत यामुळे किती अनर्थ होतो याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील 'बिली द किड' या दरोडेखोराचे आहे. त्याचे चित्र पत्र्यावर घेतलेले होते व त्या पद्धतीत प्रतिमा मुळातच उलट येते. त्यावरून तो डावखुरा होता अशी समजूत दीर्घकाळ रूढ झाली. त्याच्या हातातील विंचेस्टर बंदुकीत गोळ्या भरण्याचे दार उजव्या बाजूस असते. चित्रात ते डावीकडे दिसते. दोषाचा निर्णय चेहऱ्याने केला नाही, वस्तूने केला.

दुसरे उदाहरण सजीव सृष्टीतील आहे, आणि त्यात ओळखीचे परिणाम अधिक गंभीर आहेत. जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांतील उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर आहे व माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे. हल्ला झाल्यावर पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या पूर्वी दिसलेलाच आहे की निराळा, हा प्रश्न येथे वारंवार उद्भवतो. बिबट्याच्या कुशीवरील ठिपक्यांच्या पुंजक्यांची रचना प्रत्येक प्राण्यात भिन्न असते व ओळख तिच्यावरून पटविली जाते. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या व २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कॅमेरा-सापळ्यांच्या छायाचित्रांचा आधार घेतलेला होता.

एकाच बिबट्याच्या डाव्या व उजव्या कुशीवरील रचना परस्परांची प्रतिबिंबे नसतात. त्यामुळे वाटेच्या दोन्ही बाजूंस कॅमेरे लावून दोन्ही कुशींची चित्रे घेतात आणि डावीची तुलना डावीशी, उजवीची उजवीशी करतात. आता डाव्या कुशीचे चित्र उलटले तर काय होते ते पाहावे. डाव्या कुशीच्या चित्रात प्राण्याचे तोंड डावीकडे असते. उलटल्यावर ते उजवीकडे होते व चित्र उजव्या कुशीचे दिसते. तोंडाची दिशा व कूस यांचा मेळ कायम राहत असल्यामुळे केवळ प्राण्याकडे पाहून दोष ओळखता येत नाही. त्या चित्रातील रचना मात्र कोणत्याही खऱ्या उजव्या कुशीशी जुळत नाही. अस्तित्वात नसलेला एक नवा बिबट्या नोंदवहीत जन्म घेतो.

याचा गणनेवरील परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पहिल्या फेरीत उजव्या कुशीवरून १० बिबटे ओळखले, दुसऱ्या फेरीत ८, आणि त्यांपैकी ४ पहिल्या फेरीतील होते असे समजू. पुनर्ग्रहणाच्या साध्या सूत्रानुसार पहिल्या दोन संख्यांच्या गुणाकारास समान प्राण्यांच्या संख्येने भागले असता एकूण संख्येचा अंदाज मिळतो : ८० भागिले ४, म्हणजे २०. त्या चार जुळणाऱ्या चित्रांपैकी एकच चित्र उलटे असते, तर जुळणारे तीनच राहिले असते व अंदाज ८० भागिले ३, म्हणजे सुमारे २७ झाला असता. एका चित्राच्या दोषाने संख्या तृतीयांशाने फुगते.

यातून एक महत्त्वाचा भेद निष्पन्न होतो. गुंतागुंतीच्या असमभुज रचनेत उलट चित्रामुळे 'हा तोच' असा खोटा निष्कर्ष क्वचितच निघतो. 'हा तो नव्हे' असा खोटा निष्कर्ष मात्र सहज निघतो. म्हणून जुळणीपेक्षा न जुळण्याची तपासणी अधिक कसोशीने करावी लागते. न जुळणारे चित्र एकदा मुद्दाम उलटून विरुद्ध कुशीच्या नोंदींशी ताडून पाहावे. ते पुंजक्यागणिक जुळले तर दोष चित्रात आहे, प्राण्यात नव्हे.

चित्राची बाजू ठरविण्याचे प्रमाण मात्र ओळखावयाच्या वस्तूच्या बाहेर शोधावे लागते. फिल्मच्या कडेवरील अक्षरे चकचकीत बाजूने पाहता सुलट वाचता येतात. कॅमेऱ्याने उमटविलेले दिनांक व वेळ, चित्रात आलेली पाटी, स्थळी जाऊन पडताळता येणारा खडक किंवा झाड, समोरच्या कॅमेऱ्याने त्याच क्षणी घेतलेले चित्र, ही सारी साक्ष उपयोगी पडते. याकरिता चित्राच्या कडा कापून फक्त लेख वा फक्त प्राणी जतन करण्याची प्रथा घातक आहे, कारण कापलेल्या कडेबरोबर नेमका हाच पुरावा नष्ट होतो. मूळ अखंड चित्र राखून ठेवले असेल तर दोष कितीही वर्षांनी दुरुस्त करता येतो. अशी साक्ष मुळीच उपलब्ध नसेल, तेव्हा 'बाजू अनिश्चित' अशी नोंद करून ते चित्र निर्णायक पुराव्यातून वगळणे हेच शास्त्रास धरून होय.