ठेच लागल्यावरची शिवी आणि माणसाला दिलेली शिवी

‘शिवी ती शिवीच, कुठेही दिली तरी’ असं म्हणणारे बरेच आहेत. प्रत्यक्षात ऐकणारे तेवढ्यावर थांबत नाहीत.

सोसायटीच्या जिन्यापाशी कोणीतरी रिकामा सिलिंडर ठेवलाय. वरून उतरणाऱ्या काकांची करंगळी त्यावर आपटते आणि तोंडातून निघतं, ‘च्यायला!’ शेजारी उभ्या वॉचमनला राग येत नाही. आपटणं आणि शब्द यांत क्षणाचंही अंतर नव्हतं, काकांची नजर पायावर होती आणि शब्दाला ना ‘तू’ जोडलेला, ना कोणाचं नाव. पुढच्याच क्षणी काका मान वर करतात, ‘कोणी ठेवला रे हा इथे?’ म्हणतात आणि तोच शब्द आता ‘तुझ्या’ लावून येतो. शब्द जवळपास तोच, पण वॉचमनचा चेहरा पडतो. आधीचं दुखणं होतं, आता दोषी ठरवणं आहे. ‘अहो, दुखत होतं म्हणून बोललो’ ही नंतरची सारवासारव पहिल्या शिवीला लागू पडते, दुसरीला नाही. मधल्या वेळात काकांनी माणूस निवडला होता.

या खुणाही फसतात. काकांचं वॉचमनशी आधीच वाजलेलं असेल, तर ती पहिली ‘च्यायला’ही त्याला आपल्यालाच वाटू शकते. उलट, जुना मित्र ‘तुझ्या’ लावून बोलला तरी आपण हसतो. टिमोथी जे आणि क्रिस्टिन यानश्विट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली हेच मांडलं: शिवी किती लागते हे कोण, कोणाला, कुठे बोलतं यावर ठरतं.

दुसरा समज, वेदनेतली शिवी म्हणजे निव्वळ बेशिस्त. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठात रिचर्ड स्टीफन्स यांनी २००९ साली विद्यार्थ्यांना बर्फगार पाण्यात हात धरायला लावले. एकदा अंगठ्यावर हातोडी बसल्यावर तोंडून निघेल ती शिवी म्हणत, एकदा टेबलाचं वर्णन करणारा साधा शब्द म्हणत. शिवी देताना हात जास्त वेळ पाण्यात राहिले. २०२० साली बनावट, शिवीसारखे वाटणारे शब्द वापरून पाहिले, तर वेदना कमी झाली नाही. उठताबसता शिव्या देणाऱ्यांना फायदाही कमी मिळतो, हे स्टीफन्स यांच्याच चमूला आढळलं. (म्हणजे काटकसरीने वापरावी!)

‘कायद्यात हेतूच पाहतात’ हेही अर्धंच खरं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये जाणूनबुजून केलेला अपमान आणि त्यातून समोरचा शांतताभंग करेल हा हेतू किंवा ती जाणीव लागते. दुखऱ्या करंगळीची ‘च्यायला’ त्यात बसत नाही. कलम २९६ मात्र सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असे अश्लील शब्द उच्चारण्याबद्दल आहे. तिथे ते कोणाला उद्देशून असावेत अशी अट नाही.