कर्त्याकडून कर्माकडे

‘आजोबा नातवाला गोष्ट सांगतात.’ हे वाक्य कर्मणी करायला सांगितले की पुष्कळ विद्यार्थी लिहितात, ‘आजोबांनी नातवाला गोष्ट सांगितली.’ प्रयोग बदलला हे खरे, पण त्याबरोबर काळही बदलला. आजोबा रोज सांगतात ती गोष्ट एकदाच सांगून संपली. काळ तसाच ठेवून प्रयोग बदलायचा असेल, तर लिहावे लागते, ‘आजोबांकडून नातवाला गोष्ट सांगितली जाते.’ मराठी व्याकरण या दोन्ही रचनांना कर्मणी म्हणते. नवशिक्याचा गोंधळ होतो तो इथेच, म्हणून या दोन्ही वाटा एकेक करून पाहू.

आधी प्रयोग ओळखायचा कसा ते पाहू. वाक्यातले क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालते, एवढेच विचारायचे. ‘आजोबा गोष्ट सांगतात’ यात आजोबांच्या जागी आजी घाला, ‘आजी गोष्ट सांगते’ होते. कर्ता बदलताच क्रियापद बदलले, म्हणून हा कर्तरी प्रयोग. आता ‘आजोबांनी गोष्ट सांगितली’ घ्या. आजोबांच्या जागी आजीने, मामाने किंवा मुलांनी लिहा, ‘सांगितली’ हलत नाही. गोष्टीच्या जागी किस्सा घाला, लगेच ‘सांगितला’ होते; गुपित घातले तर ‘सांगितले’. क्रियापद कर्माच्या मागे गेले, म्हणून हा कर्मणी. पाठांतरापेक्षा ही अदलाबदल करून पाहणे केव्हाही खात्रीचे.

पहिली वाट ‘ने’ची. भूतकाळात सकर्मक क्रियापदाचा कर्ता बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ घेतो आणि कर्माला प्रत्यय नसेल तर क्रियापद कर्माप्रमाणे चालते. मी, आम्ही, तू, तुम्ही यांना मात्र हा ‘ने’ दिसत नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली’ हे वाक्य पाहून मुले हमखास कर्तरी म्हणतात. इथेही अदलाबदल करावी. मी चिठ्ठी लिहिली, मी निबंध लिहिला, मी पत्र लिहिले. लिहिणारा पुरुष असो की स्त्री, क्रियापद कर्माचेच ऐकते, म्हणून हा कर्मणी. या वाटेची मर्यादाही ध्यानात ठेवावी. चालू वर्तमानकाळात ती मुळीच चालत नाही. ‘रामाने आंबा खातो’ असे कुणी म्हणत नाही.

काही सकर्मक क्रियापदे तर भूतकाळातही ‘ने’ नाकारतात. ती साडी नेसली, मी त्याचे नाव विसरलो, ती खोटे बोलली. ही सगळी वाक्ये भूतकाळी असली तरी कर्तरी आहेत. ‘जिंकणे’ दोन्हीकडे चालते. ‘ती सामना जिंकली’ हे कर्तरी आणि ‘तिने सामना जिंकला’ हे कर्मणी. अर्थ एकच, पण एका वाक्यात क्रियापद तिच्याप्रमाणे चालले आणि दुसऱ्यात सामन्याप्रमाणे. प्रयोग समजावायला मला याहून सोपी जोडी माहीत नाही.

दुसरी वाट ‘जाणे’ची. ही रचना इंग्रजीतल्या पॅसिव्ह व्हॉइसशी मिळतीजुळती असल्यामुळे व्याकरणाची पुस्तके तिला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. परीक्षेत काळ न बदलता रूपांतर विचारले असेल तर हीच वापरावी. ‘गवंडी भिंत बांधतो’ हे वाक्य घेऊ. बांधतो काय? भिंत. हे कर्म पुढे आणले. गवंड्याला ‘कडून’ लावले. ‘बांधणे’चे भिंतीशी जुळणारे रूप केले, ‘बांधली’. शेवटी मूळ वाक्याच्या काळातले ‘जाणे’ जोडले. ‘गवंड्याकडून भिंत बांधली जाते.’ मूळ वाक्यात ‘बांधील’ असते तर ‘बांधली जाईल’, ‘बांधत आहे’ असते तर ‘बांधली जात आहे’. काळ सांभाळण्याचे सगळे काम ‘जाणे’ करते.

चूक होते ती जुळवणीत, कारण इथे दोन शब्द कर्माशी जुळवावे लागतात. पूल बांधला जातो, पूल बांधले जातात. भिंत बांधली जाते, भिंती बांधल्या जातात. घर बांधले जाते, घरे बांधली जातात. ‘भिंती बांधली जातात’ असे लिहिणारा शेवटचे रूप बरोबर लिहितो, पण मधले विसरतो.

कर्माला ‘ला’ असेल तर आणखी एक अडचण येते. ‘पोलिसांनी चोराला पकडले.’ इथे चोराच्या जागी चोरांना घाला, बाईला घाला, ‘पकडले’ तसेच राहते. क्रियापद कोणाचेच ऐकत नाही, म्हणून हा भावे प्रयोग. कर्मणी करायचे तर कर्माचा ‘ला’ काढावा लागतो, ‘पोलिसांकडून चोर पकडला गेला’. आजोबांच्या वाक्यात मात्र ‘नातवाला’ तसाच राहिला, कारण सांगितली ती गोष्ट. नातू गोष्ट ऐकणारा. म्हणून क्रियापदाला ‘काय?’ विचारून खरे कर्म शोधल्याखेरीज पुढे जाऊ नये. ‘बाळ झोपते’ या वाक्यात तर कर्मच नाही. त्याचे कर्मणी होत नाही, हेच त्याचे बरोबर उत्तर.

आता थोडे ‘कडून’विषयी, कारण पुस्तकी उत्तरे इथे खटकतात. ‘माझ्याकडून चूक झाली’, ‘माझ्याकडून बरणी फुटली’ ही आपली रोजची वाक्ये. त्यांत ‘कडून’ म्हणजे नकळत, हेतू नसताना. त्यामुळे ‘माझ्याकडून पत्र लिहिले गेले’ हे व्याकरणात बसले तरी ऐकणाऱ्याला वाटते, लिहायचे नव्हते, लिहून झाले. मराठीत ही रचना खरी शोभते ती कर्ता सांगायची गरज नसते तिथे. ‘अर्ज सोमवारपर्यंत स्वीकारले जातील.’ ‘लढाईत अनेक सैनिक मारले गेले.’ कोणी स्वीकारले, कोणी मारले, हे सांगण्याचे कारणच नाही. कर्ता मानाचा असेल तर ‘कडून’पेक्षा ‘हस्ते’ बरे; उद्घाटन सरपंचांच्या हस्ते केले जाते. दुकानाच्या पाटीवर तर ‘जाणे’ही लागत नाही, ‘येथे कपडे शिवून मिळतील’ एवढे पुरते. परीक्षेत विचारलेले रूप लिहावेच, पण स्वतःच्या लेखनात प्रत्येक वाक्याला ‘कडून’ जोडू नये.

आता ही वाक्ये काळ न बदलता कर्मणी करून पाहा. उत्तरे झाकून ठेवा.

१. सुतार खुर्च्या बनवतो.
२. शेतकरी ऊस तोडत आहेत.
३. बाई मुलांना कविता शिकवतील.
४. मुले मैदानावर पळतात.
५. गुराख्याने गाईला बांधले.

पहिल्याचे उत्तर ‘सुताराकडून खुर्च्या बनवल्या जातात.’ दुसऱ्याचे ‘शेतकऱ्यांकडून ऊस तोडला जात आहे’. ऊस एकवचनी, म्हणून ‘आहेत’चे ‘आहे’ झाले. तिसऱ्याचे ‘बाईंकडून मुलांना कविता शिकवली जाईल’. कविता अनेक असतील तर ‘शिकवल्या जातील’, दोन्ही बरोबर. चौथ्यात कर्म नाही, त्याचे कर्मणी होत नाही. पाचवे वाक्य मुळात भावे प्रयोगातले आहे. ‘ला’ काढला की होते ‘गुराख्याकडून गाय बांधली गेली’, आणि ‘गुराख्याने गाय बांधली’ हेही तितकेच शुद्ध कर्मणी. पाचव्यात अडखळलात तर ‘काय?’ हा प्रश्न विचारायचा राहिला होता का, ते पुन्हा तपासून पाहा.